एकच आचार्य, पाच नावं

विजयानंदसूरी, आत्मारामजी, आनंदविजय, दित्ताराम, आत्मानंद. ही पाच नावं पाच वेगळ्या कागदांवर भेटली तर ही पाच माणसं आहेत असं कुणीही धरून चालेल. पण पहिली चार एकाच माणसाची आहेत, आणि पाचवं त्यांच्या मागे निघालेल्या संस्थांना लागलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या श्वेतांबर मूर्तिपूजक जैनांचे हे फार मोठे पुढारी. जन्म पंजाबातला, आचार्यपद पालिताण्याचं आणि मृत्यू गुजरांवाला इथला, जे आता पाकिस्तानात आहे.

आता पंजाबातल्या साधूची खान्देशात कुणाला काय पडली आहे, असं वाटेल. पण आपल्याकडच्या पेठा बघा. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार, कुठेही जा, कापसाच्या आणि धान्याच्या व्यापारात मारवाडातून आलेली आणि गुजरातेतून आलेली जैन घरं शेजारी शेजारी आहेत. एका गल्लीत मूर्तिपूजकांचं देरासर, म्हणजे जैन देऊळ, पुढच्या गल्लीत मूर्तिपूजा न मानणाऱ्या स्थानकवासी जैनांचं स्थानक. साक्री तालुक्यात बळसाण्याला विमलनाथाचं तीर्थ. या घरांत आणि देवळांत धातूच्या मूर्ती आहेत, जुन्या वह्या आहेत, पत्रिका आहेत, फोटो आहेत, आणि त्यांवर साधूंची नावं आहेत. गावाचा किंवा घराचा इतिहास लिहायला बसलेला माणूस इथेच अडखळतो. नाव वाचता येतं, पण माणूस सापडत नाही. कारण दीक्षा घेतलेला माणूस आडनाव सोडतो, घरचं नाव सोडतो, आणि पुढारी झाला की दीक्षेचं नावही जसंच्या तसं राहत नाही.

हा माग कसा काढायचा ते या एका आचार्यांवरून बघू. त्यांच्या बाबतीत अडचणीच्या जवळजवळ सगळ्या जागा एकाच आयुष्यात येऊन गेल्या आहेत.

आधी नाव कसं बनतं ते. दीक्षेच्या दिवशी गुरू नवीन नाव देतात. मूर्तिपूजकांमधल्या तपागच्छात त्या नावाला शाखेची खूण जोडलेली असते. बहुतेक ठिकाणी ती ‘विजय’ असते, काही ठिकाणी ‘सागर’. वल्लभविजय, बुद्धिसागर ही नावं त्या घडणीची. पुढे गणी, पंन्यास, उपाध्याय अशा पदव्या मिळतात. त्या नावाला चिकटतात, पण मूळ नाव मोडत नाहीत. खरी उलथापालथ आचार्यपदाला होते. तेव्हा शेवटी ‘सूरी’ लागतं, आणि मागे असलेला ‘विजय’ उचलून पुढे येतो. वल्लभविजय आचार्य झाले की विजयवल्लभसूरी होतात. सागर शाखेत सागर सहसा जागेवरच राहतो, बुद्धिसागरचे बुद्धिसागरसूरी होतात. पण त्यातही आनंदसागरसूरी हे सागरानंदसूरी म्हणूनही लिहिलेले सापडतात, म्हणजे तिथेही सागर कधीकधी पुढे सरकतोच.

ही एक हालचाल डोक्यात पक्की बसली की निम्मं काम होतं. विजयवल्लभसूरी हे नाव समोर आलं तर पुढचा विजय मागे न्यायचा, सूरी काढायचा, आणि वल्लभविजय या नावाने आचार्यपदाच्या आधीचे कागद शोधायचे. वल्लभसूरींचं घरचं नाव छगन, गाव बडोदा. १८८७ मध्ये राधनपूरला दीक्षा, १९२४ मध्ये लाहोरला आचार्यपद, १९५४ मध्ये मुंबईत मृत्यू. मुंबईचं महावीर जैन विद्यालय त्यांच्या प्रेरणेने निघालं ते १९१४ च्या सुमारास. त्या वेळच्या कागदात विजयवल्लभसूरी शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. तिथे मुनी वल्लभविजयजी आहेत.

आत्मारामजींच्या बाबतीत ही हालचाल थोडी लपलेली आहे, कारण मध्ये संधी झाला आहे. आनंदविजयचा विजय पुढे आला, विजय आणि आनंद मिळून विजयानंद झाले, आणि शेवटी सूरी लागलं. विजयानंदसूरी हे नाव सलग वाचलं की त्यातला आनंदविजय दिसतच नाही. यादीत ‘व’ या अक्षराखाली शोधणाऱ्याला ‘आ’खालची नोंद कशी सापडावी?

स्थानकवासी परंपरेत अशी दुसरी उलथापालथ होत नाही. नगर जिल्ह्यातल्या चिचोंडीचे नेमिचंद यांनी १९१३ मध्ये दीक्षा घेतली आणि ते आनंदऋषी झाले. पुढे आचार्य झाले, अख्ख्या श्रमणसंघाचे प्रमुख झाले, १९९२ पर्यंत होते, पण नाव शेवटपर्यंत आनंदऋषीच राहिलं. त्यामुळे खान्देशातल्या स्थानकवासी घरात वाढलेल्या माणसाला नाव दोनदा बदलण्याची सवयच नसते. तो एकदाच पूल ओलांडतो आणि पुढे रस्ता सरळ आहे असं समजतो. देरासरच्या कागदांत त्याची फसगत होते ती इथेच.

आता आयुष्य क्रमाने बघू. १८३७ मध्ये पंजाबात फिरोजपूरकडच्या लहरा गावी जन्म, घर क्षत्रियाचं, म्हणजे जन्माने जैन नाहीत. घरचं नाव दित्ता किंवा दित्ताराम. वाढले ते जीरा गावात एका जैन घरी. विक्रम संवत १९१० मध्ये मालेरकोटल्याला स्थानकवासी दीक्षा घेतली. तेव्हापासून ते आत्माराम. या नावाने ते वीसेक वर्षं पंजाब, राजस्थान फिरले, अभ्यास केला, आणि त्या अभ्यासातूनच मूर्तिपूजेच्या बाजूला वळले. संवत १९३२ मध्ये अहमदाबादला आपल्या बरोबरच्या काही साधूंसह त्यांनी तपागच्छात पुन्हा दीक्षा घेतली. संप्रदाय बदलला, म्हणून दीक्षा नवीन आणि नावही नवीन: आनंदविजय. संवत १९४३ मध्ये, कार्तिक वद पक्षात, पालिताण्याला जमलेल्या संघाने त्यांना आचार्यपद दिलं आणि ते विजयानंदसूरी झाले. हा नोव्हेंबर १८८६. दहा वर्षांनी, १८९६ च्या उन्हाळ्यात, गुजरांवाल्याला त्यांचा मृत्यू झाला.

आत्मानंद मात्र ते स्वतः कधीच नव्हते. आत्मारामचा आत्मा आणि विजयानंदचा आनंद जोडून अनुयायांनी ते घडवलं आणि संस्थांना दिलं. भावनगरची जैन आत्मानंद सभा प्रसिद्ध आहे, पंजाबातही आत्मानंद नावाच्या शाळा-महाविद्यालयं निघाली. अनुयायांनी त्यांच्या मृत्यूपासून ‘आत्म संवत’ही मोजायला सुरुवात केली. त्यामुळे एखाद्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर वीर संवत, विक्रम संवत यांच्या शेजारी आत्म संवत छापलेला दिसला, तर छापणारे या परंपरेतले आहेत आणि पुस्तक १८९६ नंतरचं आहे, इतकं तरी आपोआप कळतं.

एवढं झाल्यावर सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट. जुनं नाव कितीही उशिरा सापडू शकतं, पण नवं नाव पदवीच्या आधी सापडू शकत नाही. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, आणि गल्लत होते ती त्या सारख्या मानल्याने.

१८९३ ची शिकागोची सर्वधर्म परिषद सगळ्यांना माहीत आहे. जैनांच्या वतीने बोलावणं या आचार्यांना आलं होतं. जैन साधू वाहनात बसत नाही, मग समुद्र ओलांडून जाण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांच्या वतीने महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी गेले. परिषदेच्या छापील अहवालात आचार्यांचं नाव काय आहे? मुनी आत्मारामजी. आचार्य होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, तपागच्छात येऊन तर सतरा-अठरा. मधली दोन्ही नावं ओलांडून शिकागोत पोचलं ते स्थानकवासी दीक्षेचं नाव. कारण लोकांच्या तोंडी तेच होतं. पंजाबात तीस वर्षं ज्यांना आत्मारामजी म्हटलं त्यांना पालिताण्याच्या समारंभानंतर दुसऱ्या दिवसापासून लोक वेगळं काय म्हणणार? आणि हे त्यांच्या एकट्याचं नाही. ज्यांच्याकडे त्यांनी अहमदाबादला दीक्षा घेतली ते बुद्धिविजय हेसुद्धा आधी स्थानकवासीच होते आणि आयुष्यभर बुटेरायजी म्हणूनच ओळखले गेले. त्यांचेच शिष्य मुक्तिविजय म्हणजे मूळचंदजी, वृद्धिविजय म्हणजे वृद्धिचंदजी. त्या पिढीत तोंडी नाव एक आणि पोथीतलं नाव एक, अशी रीतच होती.

म्हणजे ‘आत्मारामजी’ असं लिहिलेला बिनतारखेचा कागद हाती आला, तर तो १८८६ च्या आधीचा असं अजिबात म्हणता येत नाही. तो १८९५ चा असू शकतो, १९३० चाही असू शकतो. पण ‘विजयानंदसूरी’ असं लिहिलेल्या पत्रावर संवत १९३५ असेल, तर काहीतरी नक्की चुकलं आहे. एक तर तारीख चुकीची वाचली आहे, नाहीतर ती मूळ पत्राची नंतर केलेली नक्कल आहे आणि नक्कल करणाऱ्याने आदराने नाव सुधारून घेतलं आहे, किंवा मग हे विजयानंदसूरी दुसरेच आहेत. शेवटची शक्यता पोकळ नाही, ती पुढे येईल.

चरित्रकार तर हे सर्रास करतात. ‘विजयानंदसूरींनी संवत १९३२ मध्ये अहमदाबादला दीक्षा घेतली’ असं वाक्य कुठल्याही चरित्रात मिळेल. त्यात खोटं काही नाही, पण त्या दिवशी अहमदाबादमध्ये विजयानंदसूरी नावाचं कुणी नव्हतं. चरित्रातलं नाव हे चरित्र लिहिलं तेव्हाचं असतं, घटनेच्या दिवसाचं नसतं. चरित्रावरून थेट त्या काळच्या कागदांकडे जाणाऱ्याने हे नाव परत मागे फिरवून घ्यायला हवं.

यावर कुणी म्हणेल की मग पदवीची तारीख पक्की माहीत असली की झालं. इथे संवत आडवा येतो, आणि खान्देशात तो जास्तच आडवा येतो.

विक्रम संवत दोन प्रकारे मोजतात. गुजरातेत वर्ष दिवाळीनंतर कार्तिक सुद एकमला बदलतं. मारवाड, पंजाबकडे ते चैत्रात बदलतं. त्यामुळे चैत्रापासून आश्विनापर्यंतच्या महिन्यांत एकाच दिवशी दोघांचा आकडा वेगळा असतो, गुजराती आकडा एकाने कमी. महिन्याचाही घोळ आहे. गुजराती महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, मारवाडी पौर्णिमेला. सुद पक्षात दोघांचं जुळतं, पण वद पक्षात महिन्याचं नाव एकाने पुढे जातं. आत्मारामजींच्या आचार्यपदाचा गुजराती कार्तिक वद हा मारवाडी-पंजाबी हिशेबाने मार्गशीर्ष वद होतो. दिवस तोच.

याचे परिणाम त्यांच्या चरित्राच्या तारखांवर स्पष्ट दिसतात. संवत १९३२ मधल्या अहमदाबादच्या दीक्षेचं इसवी सन कुणी १८७५ करतं, कुणी १८७६. मृत्यूचं साल गुजराती हिशेबाने १९५२ येतं आणि पंजाबी हिशेबाने १९५३. वाचणाऱ्याला वाटतं की लेखकांत मतभेद आहेत. मतभेद नाहीत, मोजणी दोन आहेत. आपल्याकडे तर एकाच देवळाच्या पंचमंडळात मारवाडचे ओसवाल आणि गुजरातेतले श्रीमाळी बसलेले असू शकतात. तेव्हा त्या देवळातला संवत कुठल्या हिशेबाचा हे आधीच गृहीत धरून चालत नाही. मूर्ती बहुधा बाहेरून भरवून आणलेली असते, तेव्हा गावात बहुसंख्य कोण यावरूनही ठरत नाही.

एक उदाहरण चालवून बघू. मूर्तीवरचा हा लेख मी समजण्यासाठी बनवलेला आहे, पण घडण नेहमीचीच आहे. समजा, धातूच्या एका पंचतीर्थीच्या, म्हणजे पाच तीर्थंकरांच्या एकत्र मूर्तीच्या, पाठीवर असं आहे: ‘सं. १९४३ वै. सु. ६ … उकेश ज्ञा. … बिंबं का. प्र. तपागच्छे श्रीविजयानंदसूरिभिः’. फोडून वाचलं तर संवत १९४३, वैशाख सुद सहा, ओसवाल जातीच्या अमक्याने मूर्ती करवली आणि तपागच्छाच्या विजयानंदसूरींनी प्रतिष्ठा केली. ‘उकेश’ म्हणजे ओसवाल, ‘प्राग्वाट’ असतं तर पोरवाड.

चैत्री हिशेबाने संवत १९४३ चा वैशाख येतो मे १८८६ मध्ये. कार्तिकी हिशेबाने तोच वैशाख येतो एप्रिल १८८७ च्या शेवटी. आचार्यपद मिळालं नोव्हेंबर १८८६ मध्ये, बरोबर या दोन्हींच्या मध्ये. चैत्री हिशेब धरला तर या माणसाचं नाव अजून आनंदविजय आहे, आणि मुनी असताना त्यांना सूरी कुणी म्हणणार नाही. म्हणून लेख त्याच वेळी कोरलेला असेल तर साल १८८७ च, आणि हिशेब गुजराती. इथे नावानेच संवताचा निकाल लावला.

मात्र नुसत्या नावावर थांबू नये, कारण लेख नंतर कोरलेला असू शकतो. पडताळा वाराने करायचा. अशा लेखांत तिथीनंतर पुष्कळदा वार असतो: रवौ, चंद्रे किंवा सोमे, भौमे, बुधे, गुरौ, शुक्रे, शनौ. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्याला सातने भागलं की चार उरतात. म्हणजे तीच तिथी पुढच्या वर्षी वाराने चारेक दिवस पुढे गेलेली असते, मध्ये अधिक महिना आला तर सहा. वैशाख सुद सहा १८८६ मध्ये रविवारच्या आसपास येते आणि १८८७ मध्ये गुरुवारच्या आसपास. तिथी सूर्योदयाच्या हिशेबाने एखादा दिवस इकडेतिकडे होते, म्हणून मी आसपास म्हणतो. लेखात ‘गुरौ’ असेल तर १८८७ पक्कं झालं. ‘रवौ’ असेल तर गंमत आहे: तारीख १८८६ ची, नाव त्यानंतरचं. मग लेख मागाहून कोरला, की आपण अंक किंवा नाव चुकीचं वाचलं, ते पुन्हा मूर्तीजवळ बसून बघावं लागेल.

मूर्तीजवळ बसणं हे बोलायला सोपं आहे. धातूच्या मूर्तीचा लेख पाठीवर असतो, आणि रोजच्या प्रक्षाळाने, वाळाकुंचीच्या घासण्याने अक्षरं झिजलेली असतात. मूर्तीला हात लावायचा तर आंघोळ करून पूजेच्या वस्त्रांत असलेल्या माणसानेच. तेव्हा पुजाऱ्याला किंवा ट्रस्टींपैकी कुणाला विनंती करून, पूजेच्या वेळेआधी मूर्ती पाठमोरी करून घ्यायची आणि टॉर्च समोरून न मारता अगदी कडेने, आडवा धरायचा. सावली पडली की खोदलेली रेघ उठून दिसते. फोटो वेगवेगळ्या बाजूंच्या उजेडात घ्यावेत, एकात १ वाटलेला अंक दुसऱ्यात ९ निघतो. लेखात पीठ किंवा पावडर भरणारे लोक आहेत, पण धातूला आणि श्रद्धेला दोन्हीला ते बरं नाही, आणि गरजही पडत नाही. संगमरवरी मूर्तीचा लेख खाली गादीवर असतो, आणि जीर्णोद्धारात तो सिमेंटखाली गेलेला असला तर तिथे विषय संपला.

वाचताना नावाइतकंच नावाच्या शेपटाकडे बघायला हवं. ‘सूरिभिः’ असेल तर प्रतिष्ठा सूरींनी केली. ‘उपदेशात्’ असेल तर त्यांच्या उपदेशाने झाली, ते स्वतः तिथे असतीलच असं नाही. ‘विजयानंदसूरि-शिष्य’ असं असेल तर काम शिष्याचं आहे आणि गुरूंचं नाव फक्त परंपरा सांगायला आलं आहे. गुरूंचं नाव मृत्यूनंतरही पिढ्यानपिढ्या असं येत राहतं. म्हणूनच विजयानंदसूरी या नावावरून ‘याच्या आधीचं नाही’ इतकंच सांगता येतं, ‘याच्या नंतरचं नाही’ असं कधीच नाही.

आता सारख्या नावांची भानगड. सतराव्या शतकात तपागच्छातच एक विजयानंदसूरी होऊन गेले. त्यांच्यावरून निघालेल्या शाखेला आणंदसूर गच्छ म्हणत. जुन्या मूर्तीवर विजयानंदसूरी दिसले आणि संवतातला शतकाचा आकडा झिजलेला असला, की दोनशे वर्षांची उडी बसू शकते.

खान्देशात याहून जास्त घडणारी गफलत दुसरी आहे. स्थानकात बसलेल्या जुन्या माणसाला ‘आचार्य आत्मारामजी’ म्हणा, तो मान डोलावेल आणि माहितीही सांगेल. पण ते दुसरे आत्मारामजी आहेत. तेही पंजाबचे, तेही आचार्य. १८८२ चा जन्म, १९५२ मध्ये राजस्थानातल्या सादडीला स्थानकवासी संप्रदायांनी एकत्र येऊन श्रमणसंघ उभा केला तेव्हा ते त्याचे पहिले आचार्य झाले आणि १९६२ मध्ये गेले. त्यांच्यानंतर श्रमणसंघाचे आचार्य झाले ते आपले आनंदऋषी. म्हणजे एका परंपरेत आत्माराम आणि आनंदविजय ही एकाच माणसाची नावं आहेत, आणि शेजारच्या परंपरेत आत्माराम आणि आनंदऋषी ही एकामागून एक आलेली दोन माणसं. पहिले आत्मारामजी स्वतः स्थानकवासी राहून बाहेर पडलेले, त्यामुळे दोन्हीकडे नाव घेताना थोडा ताणही असतो, आणि माणसं तपशील गाळून बोलतात. घरच्या आठवणीत ‘आजोबांनी आत्मारामजींचं दर्शन घेतलं होतं’ असं आलं, तर आजोबांचं जन्मसाल आधी विचारावं. १९०५ चे आजोबा पहिल्या आत्मारामजींना भेटूच शकत नाहीत.

यातून सुटायचा सगळ्यात भरवशाचा धागा म्हणजे गुरू. नाव बदलतं, पदवी बदलते, पण अमुक कोणाचे शिष्य हे सहसा बदलत नाही. बदललं तर संप्रदायच बदलला असं समजावं, जसं इथे झालं. पहिल्या दीक्षेचे गुरू जीवनराम, दुसऱ्या दीक्षेचे बुद्धिविजय. म्हणून नोंद करताना नावापुढे गुरूचं नाव लिहून ठेवलं की माणूस हरवत नाही. फक्त गुरूलाही दोन नावं असतील हे लक्षात ठेवायचं. ‘बुटेरायजींचे शिष्य आत्मारामजी’ आणि ‘बुद्धिविजयांचे शिष्य आनंदविजय’ या दोन ओळींत एकही नाव समान नाही आणि माणसं मात्र तीच दोन आहेत.

जैनांच्या बाहेरही घडण अशीच आहे, पण सोपी. मराठी वाचकाला जवळचे म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. १९३२ मध्ये संन्यास घेण्याआधी ते व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक शोधायचे तर खेडगीकर शोधा, हैदराबाद मुक्तिलढ्याचे पुढारी शोधायचे तर रामानंद तीर्थ. दोनच नावं आणि मध्ये एकच साल. यादीत मात्र ते स, र आणि त अशा तीन अक्षरांखाली सापडू शकतात, कारण ‘तीर्थ’ला कुणी आडनाव समजतं. ते दशनामी संन्याशांच्या दहा नावांपैकी एक आहे. त्या दहांत ‘सागर’ही आहे, तेव्हा नुसत्या सागरवरून माणूस जैन ठरवू नये.

आणि थोडं मागे गेलं तर बाराव्या शतकातले हेमचंद्राचार्य. घरचं नाव चांगदेव, दीक्षेचं सोमचंद्र, आचार्यपदाचं हेमचंद्र. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ असलेल्या आपल्या मुलखात हे घरचं नाव वाचून क्षणभर वेगळाच माणूस डोळ्यांपुढे येतो, पण हे गुजरातेतल्या धंधुक्याचे.

मोठ्या आचार्यांच्या बाबतीत निदान चरित्रं असतात. घरातून किंवा गावातून दीक्षा घेतलेला माणूस पुढे आचार्य झाला का, हे शोधायचं असेल तर दोन नावांमधला पूल दाखवणारा कागद लागतो आणि तो कमी मिळतो. दीक्षेच्या पत्रिकेवर फक्त घरचं नाव असतं, कारण नवं नाव समारंभातच जाहीर होतं. पुढच्या चातुर्मासाच्या याद्यांत फक्त नवं नाव असतं, घरचं नाही. दोन्ही नावं एका ठिकाणी येतात ती समाजाच्या मासिकातल्या दीक्षेच्या बातमीत, गुरूंच्या चरित्राच्या शेवटी असलेल्या शिष्यांच्या यादीत, आणि घरच्या वहीत, जर कुणी त्या दिवशी लिहून ठेवलं असेल तर. जुन्या माणसाला विचारताना मी ‘त्यास्नं नाव काय शे?’ असं विचारत नाही. दीक्षा कोणत्या गावी झाली, कोणत्या तिथीला, आणि कोणाच्या हातून, हे तीन प्रश्न विचारतो. नाव विसरलेल्या म्हातारीलाही गाव आणि महाराज आठवतात, आणि तिथून यादीपर्यंत जाता येतं.